दर महिन्याला 'बिघडणारं' फायर शटर : पहिल्या मजल्यावरच्या तक्रारीचा उलगडा आणि सर्व गाळेधारकांसाठी सूचना

सर्व गाळेधारक आणि स्टोअर मॅनेजर यांस,

पुढची मासिक फायर तपासणी नेहमीप्रमाणे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी साडेसातला सुरू होईल. एवढंच कळवायचं असतं तर दोन ओळींचं सर्क्युलर पुरलं असतं. पण एप्रिलपासून तपासणीच्या रजिस्टरमध्ये एकच शेरा पुन्हा पुन्हा येत होता. त्याचं कारण शोधायला आम्हाला तीन महिने लागले, आणि ते कारण शटरच्या यंत्रात नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. दिवाळीचा माल सुरू होण्याआधी हे वाचून घ्या, ही विनंती.

तक्रार काय होती

पहिल्या मजल्यावर मालाच्या लिफ्टची लॉबी आणि मागचा कॉरिडॉर यांच्यामध्ये तीन मीटर रुंदीचं फायर शटर आहे. तुमच्या दुकानाच्या दर्शनी शटरशी याची गल्लत करू नका. दुकानाचं शटर चोरी होऊ नये म्हणून असतं. हे शटर दिवसभर वर गुंडाळलेलं असतं आणि फक्त आगीच्या वेळी खाली येतं. लॉबीतल्या स्मोक डिटेक्टरने धूर पकडला की पॅनेल शटरचा ब्रेक सोडतं आणि शटर स्वतःच्या वजनाने, ठरलेल्या गतीने, हळूहळू उतरतं. वीज गेली किंवा पॅनेल बंद पडलं तर उष्णतेने वितळणारी एक छोटी धातूची कडी असते, ती तुटली की शटर सुटतं. जमिनीला टेकलं की 'बंद झालो' असा सिग्नल पॅनेलला जातो.

एप्रिलमध्ये डिटेक्टरजवळ टेस्टचा धूर सोडला, शटर सुटलं, पण पॅनेलवर 'बंद' येईना. जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर अडकलेलं. रजिस्टरमध्ये नोंद झाली : 'शटर अडकले, रीसेट केल्यावर ठीक.' आम्ही एजन्सीला बोलावलं. त्यांचा माणूस साडेअकराला आला, चार वेळा शटर सोडलं, चारही वेळा ते व्यवस्थित टेकलं. मे महिन्यात पुन्हा अडकलं, या वेळी ८० सेंटिमीटरवर. पुन्हा एजन्सी, पुन्हा सगळं ठीक. तरी 'बंद' सिग्नल देणारा लिमिट स्विच बदलून घेतला, कारण काहीतरी केल्यासारखं वाटायला हवं होतं. जूनमध्ये २६ सेंटिमीटर, तेही डाव्या बाजूला.

हे आकडे एकाखाली एक लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं ते आधीच यायला हवं होतं. शटर यंत्राच्या दोषाने अडकत असेल तर ते दर वेळी साधारण त्याच उंचीवर अडकतं. बाजूची पट्टी ट्रॉली आपटून चेपली असेल, पत्रा वाकला असेल, स्विच चुकीच्या जागी बसला असेल, तर ती जागा बदलत नाही. उंची दर वेळी वेगळी येत असेल तर शटरखाली काहीतरी आहे आणि ते काहीतरी दर वेळी वेगळं आहे. दुकानाच्या शटरची तक्रार घेऊन कारागिराला फोन करण्याआधी तुम्हीही ही खूण बघा, फुकटच्या व्हिजिटचे पैसे वाचतील.

मग सापडलं काय

एप्रिलच्या तपासणीला जे सिक्युरिटीचे काका हजर होते, त्यांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "खोकं होतं ना खाली. ते सरकवलं, परत सोडलं, लागलं की." मग रजिस्टरमध्ये खोकं का नाही लिहिलं? "तुम्ही विचारलं नाही साहेब. रोजचंच आहे ते." चूक त्यांची नव्हती. आमच्या छापील रजिस्टरला 'अडथळा' असा रकानाच नव्हता, 'ठीक' आणि 'नादुरुस्त' एवढेच दोन. आता तो रकाना घातला आहे.

मग लॉबीच्या कॅमेऱ्याचं तीन आठवड्यांचं फुटेज बघितलं. बहुतेक दिवशी तेच दृश्य. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालाची लिफ्ट उघडते, हमाल ट्रॉली बाहेर काढतात, आणि लिफ्टच्या दारासमोरची पहिली मोकळी जागा दिसते तिथे खोकी उतरवतात. ती पहिली मोकळी जागा म्हणजे नेमकी फायर शटरची ओळ. खोकी तिथेच पडून राहतात. दहा-साडेदहाला दुकानाचा स्टाफ येतो आणि अकराच्या आत सगळं उचललं जातं. आमची तपासणी साडेसात ते साडेनऊ, एजन्सीचा माणूस साडेअकराला. म्हणजे आम्ही तपासायचो तेव्हा अडथळा असायचा आणि दुरुस्तीवाला यायचा तेव्हा नसायचा. एप्रिलचं ४० सेंटिमीटर म्हणजे तयार कपड्यांचं एक खोकं, मेमधलं ८० म्हणजे तशीच दोन एकावर एक. जूनमध्ये बुटांचं खोकं होतं, ते शटरच्या वजनाने चेपलं म्हणून २६ वर थांबलं.

पहाटे सव्वापाचच का, हा पुढचा प्रश्न. तुमच्यापैकी बहुतेकांचा माल भिवंडीच्या गोदामांतून येतो. ठाण्यात अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळांत बंदी असते, आणि घोडबंदर रोडची सकाळची अवस्था मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून टेम्पो आणि ट्रक रात्री निघतात, पहाटे आपल्या डॉकवर लागतात, आणि गर्दी व्हायच्या आत त्यांना परत फिरायचं असतं. मी एका हमालाला विचारलं तर त्याने सरळ उलट विचारलं, "दुकान बंद, शटरला कुलूप. माल डोक्यावर घेऊन बसू का दहापर्यंत?" त्यावर तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आम्ही आधी केलेला चुकीचा उपाय

जून संपता संपता आम्ही दंड लावला. कॉरिडॉरमध्ये माल दिसला की ५०० रुपये. चार दुकानांनी भरलेही. काही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. दंड भरतो स्टोअर मॅनेजर, माल टाकतो ट्रान्सपोर्टचा माणूस, आणि दोघांची कधी गाठही पडत नाही. काही जणांनी फोन करून चांगलंच सुनावलं, ते मी ऐकून घेतलं. ती दंडाची पद्धत आता बंद केली आहे. अपवाद फक्त एका गोष्टीचा, तो खाली सांगतो.

आता काय बदललं

तळमजल्यावर डॉकशेजारची जुनी हाऊसकीपिंगची खोली रिकामी करून 'माल थांबा' खोली केली आहे. तिथे स्प्रिंकलर आहे, कॅमेरा आहे, आणि रात्रीच्या गार्डकडे चावी आहे. पहाटे आलेला माल आता लिफ्टने वर जात नाही. ट्रॉलीसकट या खोलीत जातो, गार्ड गाळा क्रमांक आणि खोक्यांची संख्या वहीत लिहितो, आणि तुमचा माणूस आला की सही करून घेऊन जातो.

खोलीत आठ ट्रॉल्या मावतात, त्याहून जास्त नाही. भिंतीवर लाल पट्टी मारली आहे, खोकी तिच्यावर जाऊ द्यायची नाहीत. स्प्रिंकलरच्या खाली निदान अर्धा मीटर मोकळं राहिलं पाहिजे, कारण पाण्याचा फवारा छत्रीसारखा पसरायला तेवढी जागा लागते. खोकी छतापर्यंत रचली तर पाणी वरच्या खोक्यावर पडतं आणि खालचं जळत राहतं. तुमच्या दुकानाच्या स्टॉकरूमलाही हेच लागू आहे. मागच्या तपासणीत पाच स्टॉकरूममध्ये सगळ्यात वरचं खोकं स्प्रिंकलरच्या बल्बला जवळजवळ टेकलं होतं. एका ठिकाणी तर त्या पाइपला हँगर लटकवलेले. तो लाल बल्ब काचेचा आहे. साधारण ६८ अंशांना फुटण्यासाठी बनवलेला, पण हँगरचा धक्का लागूनही फुटतो, आणि मग तुमचा सगळा स्टॉक भिजतो. विम्यावाला विचारेल तेव्हा हँगरचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, मला नाही.

जुलै आणि ऑगस्ट दोन्ही तपासण्यांत शटर पहिल्याच वेळी टेकलं. सप्टेंबरमध्ये पुन्हा अडकलं. गणपतीच्या सेलचा माल एकदम आला, अकरा ट्रॉल्या झाल्या, खोलीत आठच मावल्या, आणि उरलेल्या तीन पुन्हा वर लॉबीत गेल्या. म्हणजे हा उपाय मालाच्या रोजच्या हिशोबात चालतो, सणाच्या हिशोबात नाही. दिवाळीसाठी म्हणून एका गाळ्याच्या दोनच ट्रॉल्या पहाटे घेतल्या जातील. त्याहून जास्त माल असेल तर तुमचा एक माणूस वाहनाबरोबर हजर हवा, तो थेट दुकान उघडून आत घेईल. तसं नसेल तर गार्ड वाहन उतरवू देणार नाही. ट्रान्सपोर्टवाला चिडेल, तुम्हाला फोन करेल, हे मला माहीत आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत कंट्रोल रूमला कळवलंत तर दुसऱ्या गाळ्याची वेळ पुढेमागे करून देऊ.

दंड आता एकाच गोष्टीला राहील. फायर शटरच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटरचा पिवळा पट्टा रंगवला आहे. त्या पट्ट्यात काहीही ठेवलेलं दिसलं, मग ते पाच मिनिटांसाठी का असेना, तर दंड लागेल. 'पाच मिनिटं' हा शब्द फुटेजमध्ये साडेपाच तासांचा निघाला आहे.

आणि एक महत्त्वाचं. शटर उतरताना कोणीही खालून वाकून पळू नका आणि हात लावून थांबवायचा प्रयत्न करू नका. लॉबीत अडकलात तर तिथूनच उजव्या हाताला जिन्याचं फायर डोअर आहे, कॉरिडॉरमध्ये असाल तर तिकडचा जिना वेगळा. दोन्ही बाजूंना बाहेर पडायची वाट आहे म्हणूनच शटर तिथे बसवलेलं आहे.

कॉरिडॉरचा हिशोब

"थोडीशी खोकी भिंतीला लावून ठेवली तर काय बिघडतं, माणूस जातो की बाजूने," हे मला दर महिन्याला ऐकायला मिळतं. माणूस जातो, प्रश्न किती माणसं जातात याचा आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत सपाट वाटेवर माणशी साडेसहा मिलिमीटर रुंदी धरतात. आपला मागचा कॉरिडॉर दोन मीटर रुंद आहे, म्हणजे सुमारे ३०० माणसांचा. एका बाजूला ६० सेंटिमीटरची खोकी लावली की उरतात १.४ मीटर, म्हणजे २१५ माणसं. समोरच्या दुकानानेही तेच केलं तर ८० सेंटिमीटर, १२३ माणसं. शनिवारी संध्याकाळी पहिल्या मजल्याच्या त्या भागात नुसता स्टाफच किती असतो ते मोजून बघा, ग्राहक सोडूनच द्या. शिवाय हा कागदावरचा हिशोब आहे. धुरात वाकून चालणारा माणूस खोक्याला अडखळतो आणि त्याच्यावर मागचा पडतो, ते त्यात धरलेलं नाही.

मागच्या दाराला आतून कुलूप लावणाऱ्या तीन दुकानांशी मी समक्ष बोललो आहे. त्यांची भीती चोरीची आहे आणि ती खोटी नाही. पण आत माणूस असेपर्यंत ते दार चावीशिवाय उघडलं पाहिजे. दाराला उघडताच वाजणारा अलार्म लावा, आम्ही नंबरचं प्लॅस्टिक सील देतो. सील तुटलेलं दिसलं की कोणीतरी दार उघडलं हे कळतं, आणि आगीत ते एका धक्क्यात तुटतं. स्टॉक मोजणीच्या रात्री पुढचं शटर अर्धं ओढून आत बसायची सवय असेल तर त्या रात्री मागचं दार नक्की तपासा.

तुमच्या दुकानातला सिलिंडर

शटरचं पुराण लांबलं, पण तपासणीत सगळ्यात जास्त शेरे याच्यावर येतात, म्हणून दोन गोष्टी.

पावडरच्या एबीसी सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे एवढं पाहून बरेच जण सही करतात. काटा फक्त आतला दाब सांगतो, पावडरचं काही सांगत नाही. सिलिंडर महिनोन्महिने एकाच जागी उभा राहिला की पावडर तळाशी घट्ट बसते, आपल्या हवेत तर जास्तच. मग दाबल्यावर नुसता वायू सुटतो आणि पावडर आत राहते. महिन्यातून एकदा सिलिंडर उचलून दोन-तीन वेळा उलटासुलटा करा. आत पावडर सरकल्याचा आवाज आणि हाताला बदलणारा तोल जाणवला पाहिजे. मातीचा गोळा आदळल्यासारखं वाटलं तर काटा हिरवा असला तरी तो रिफिलिंगला द्या. पिन आणि सील मात्र हलवताना तपासून घ्या, एका दुकानात पिनच्या कडीला कॅरीबॅगांचा गठ्ठा अडकवलेला सापडला होता.

मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सीओटूचा सिलिंडर असतो, त्याला काटाच नसतो. "आमचा काटा कुठे गेला?" असं विचारणारा एक फोन दर महिन्याला येतोच. तो वजनावर तपासतात. सिलिंडरच्या खांद्यावर रिकामं वजन कोरलेलं असतं. समजा ते ९.८ किलो आणि गॅस ४.५ किलो, म्हणजे भरलेला १४.३ भरला पाहिजे, तोही पाइप आणि भोंगा काढून. गॅस एक दशांशाहून जास्त कमी झाला, म्हणजे इथे वजन १३.८५ च्या खाली गेलं, की रिफिलिंग. मागच्या महिन्यात एका गाळ्याचा १३.७ भरला आणि तो बाहेरून अगदी नवाकोरा दिसत होता. इलेक्ट्रॉनिक काटा आम्ही तपासणीच्या दिवशी ट्रॉलीवर घेऊन फिरतो, तुम्ही फक्त सिलिंडर हाताशी ठेवा. ट्रायल रूमच्या आरशामागे, सेलच्या स्टँडीमागे किंवा कॅश काउंटरखाली पिशव्यांच्या ढिगात असेल तर तो 'नाही' असाच धरला जाईल. भिंतीवरचा नंबर आणि सिलिंडरवरचा नंबर जुळतो का तेही बघा. शेजारच्या दुकानाने 'जरा वेळ' नेलेला सिलिंडर परत येतोच असं नाही.

कायद्याची बाजू, थोडक्यात

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीचं देखभालीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, अग्निशमन विभागाला द्यावं लागतं. यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर, म्हणजे गाळा चालवणाऱ्यावरही आहे. जुलैचं प्रमाणपत्र आपण दिलं, पण शटरच्या एप्रिल ते जूनच्या शेऱ्यांमुळे एजन्सीने सही करायच्या आधी पुन्हा चाचणी मागितली. तीही पहाटे सहाला, आमच्याच सांगण्यावरून. जानेवारीत असं नको आहे.

मंगळवारी काय लागेल

प्रत्येक गाळ्याचा एक माणूस साडेसातला चावीसह हजर हवा. पहिल्या मजल्यावरच्यांची पाळी आधी, मग दुसरा, फूड कोर्ट शेवटी, साधारण नऊच्या पुढे. दुकान उघडलं नाही तर गाळा 'तपासला नाही' असा जाईल आणि दुसरी फेरी गुरुवारी होईल. तपासणीत हूटर वाजणार नाहीत, पॅनेल टेस्टवर असेल. त्या वेळी खरोखर धूर दिसला तर 'टेस्टच चाललीय' असं समजून गप्प बसू नका, कंट्रोल रूमला इंटरकॉम करा, आणि तिथून उत्तर आलं नाही तर सरळ १०१ लावा.

ज्यांची वाहनं सोमवारी रात्री भिवंडीहून निघणार आहेत त्यांनी शनिवारपर्यंत गाडीची वेळ आणि खोक्यांचा अंदाज कंट्रोल रूमला लिहून द्यावा. मंगळवारी पहाटेच्या वहीत ज्यांचं नाव नसेल त्यांची गाडी डॉकवर थांबवली जाईल.

— व्यवस्थापक, मॉल कार्यालय, तळमजला, ठाणे (पश्चिम)